विषय क्रमांक १

सहकारी संस्थेचं प्रोसिडिंग बुक उघडलं की प्रत्येक सभेचा पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याखाली ठरलेलं एक वाक्य असतं, सूचक-अनुमोदकांची नावं असतात आणि ‘सर्वानुमते मंजूर’ असतं. नव्या लेखापरीक्षकासाठी सारांश काढणारा माणूस हा विषय न वाचताच पान उलटतो. त्याला कर्जमंजुरीचे, गुंतवणुकीचे, जागाखरेदीचे ठराव हवे असतात. माझं म्हणणं असं आहे की ज्या सारांशात हा पहिला विषय नाही, तो सारांश लेखापरीक्षकाच्या फारसा कामाचा नाही. संस्थेचे पैसे कुठे गेले हे बाकीच्या विषयांवरून कळतं. त्या पैशांना जबाबदार कोण, हे मात्र बऱ्याचदा या पहिल्या विषयावर ठरतं.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. इथल्या माणसाचा पैसा बराचसा सहकारात असतो. घाटावर काय नि घाटाखाली काय, बाजारपेठेच्या प्रत्येक गावात पतसंस्थेची पाटी आहे, आणि सोयाबीन-कापसाचे पैसे आले की ते आधी तिथे जातात. याच जिल्ह्याची मध्यवर्ती बँक २०१२ साली अडकली. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यासाठी भांडवल पर्याप्ततेचं प्रमाण किमान ४ टक्के असणं आवश्यक होतं. मार्च २०१२ची मुदत उलटली तेव्हा महाराष्ट्रात नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँका त्या रेषेखाली राहिल्या, आणि त्यांना ठेवी घेण्याला बंदी झाली. पुढे नोव्हेंबर २०१४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चार राज्यांतल्या अशा २३ बँकांसाठी सुमारे २,३७५ कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तीत या तिन्ही बँका होत्या. त्या काळात स्वतःच्याच ठेवीसाठी शाखेत खेटे घालणारा शेतकरी विचारत होता तो प्रश्न साधा होता: हे ठरवलं कुणी? बँकेचा ताळेबंद या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ते फक्त प्रोसिडिंग बुकात मिळतं, आणि तेही ते कसं वाचायचं हे माहीत असेल तर.

कायद्याने हे उत्तर पुष्कळ स्पष्ट करून ठेवलं आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम ७३मधल्या तरतुदीनुसार समितीचे सदस्य समितीच्या निर्णयांना संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतात.   या जबाबदारीतून बाहेर पडण्याच्या दोन वाटा त्याच तरतुदीत आहेत. ठराव मान्य नसलेल्या संचालकाने विरोधी मत मांडलं आणि ते इतिवृत्तात नोंदलं गेलं, तर त्या ठरावाची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्याला हवं असेल तर ठरावाच्या तारखेपासून ७ दिवसांत तो आपलं विरोधी मत निबंधकाला लेखी कळवू शकतो. दुसरी वाट गैरहजर संचालकाची. जो त्या सभेला नव्हता आणि ज्याने त्या सभेचं कामकाज नंतर कायम केलेलं नाही, तोही जबाबदार धरला जात नाही.

या दुसऱ्या वाटेतल्या ‘नंतर कायम केलेलं नाही’ या अटीपाशी थांबायला हवं. गैरहजर संचालक पुढच्या सभेला येतो. पहिला विषय वाचला जातो, सगळे माना डोलावतात, तोही डोलावतो, हजेरीवर सही करतो आणि चहा येतो. मागच्या सभेतल्या ज्या कर्जाशी त्याचा काही संबंध नव्हता, त्या कर्जाच्या जबाबदारीत तो आता आला, असं म्हणायला जागा झाली. यावर आक्षेप घेता येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. इतिवृत्त कायम करणं म्हणजे ‘जे घडलं ते बरोबर लिहिलं आहे’ एवढंच; घडलं ते योग्य होतं असा त्याचा अर्थ होत नाही, असं कंपन्यांच्या सभांच्या व्यवहारात सर्रास मानलं जातं. पण इथे कायद्याची अट गैरहजर सदस्याने कामकाज कायम केलं की नाही, एवढीच आहे. सहीमागचा हेतू ती विचारत नाही. कुणाचा अर्थ टिकेल हे चौकशीत आणि न्यायालयात ठरेल. सारांश काढणाऱ्याने ते ठरवायचं नाही. त्याने एवढंच करायचं की प्रत्येक मोठ्या ठरावाखाली दोन सभांची हजेरी लिहायची: ठराव झाला त्या सभेची, आणि ठराव कायम झाला त्या सभेची.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका कल्पित पण नेहमीच्या प्रकारच्या उदाहरणावरून पाहू. समजा, चिखली-मेहकर पट्ट्यातली एक पतसंस्था वखार पावतीवर सोयाबीनतारण कर्ज देते. संचालक अकरा. १४ जूनच्या सभेत ठराव क्र. ७ होतो: हंगामात विलंब टळावा म्हणून प्रत्येकी ५ लाख रुपयांपर्यंतची तारण कर्जे मंजूर करण्याचे अधिकार अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना संयुक्तपणे देण्यात येत आहेत. ठरावात अधिकाराची मुदत नाही. मंजूर केलेली कर्जे पुढच्या सभेपुढे ठेवायची, एवढी अट आहे.

जुलै आणि ऑगस्टमध्ये सभा झालेल्या दिसत नाहीत. २२ सप्टेंबरच्या सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदराखाली ठराव क्र. १८ येतो: अध्यक्षांनी मंजूर केलेल्या सोबतच्या यादीतील कर्जांना कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. यादीत एकाच दिवशी, एकाच घरातल्या तिघांना दिलेली ४ लाख ९० हजारांची तीन कर्जे आहेत, आणि खाली एक कर्ज ८ लाखांचं आहे. ठरावाखाली लिहिलं आहे: ‘श्री. क यांनी काही मुद्दे उपस्थित केले. सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’ संचालक ख त्या दिवशी गैरहजर आहेत. २६ ऑक्टोबरच्या सभेत विषय क्र. १ म्हणून हे इतिवृत्त कायम होतं आणि त्या दिवशीच्या हजेरीत ख यांची सही आहे.

घाईत काढलेल्या सारांशात याची दोन ओळींत वासलात लागेल: जूनमध्ये कर्जमंजुरीचे अधिकार दिले, सप्टेंबरमध्ये कर्जांना मंजुरी दिली, विरोध नाही. यातला एकही शब्द खोटा नाही, तरीही नवा लेखापरीक्षक यावरून सरळ चुकीच्या दिशेने जाईल.

आधी अधिकाराचं पाहू. अधिकार दिले, एवढं लिहून भागत नाही. अधिकार दिल्याच्या प्रत्येक ठरावाला पाच गोष्टी विचाराव्या लागतात: कुणाला, एकट्याला की संयुक्तपणे, किती रकमेपर्यंत, कधीपर्यंत, आणि परत कुणापुढे मांडायचं. जूनच्या ठरावात पहिल्या तीन आणि पाचवी गोष्ट आहे, चौथी नाही; पाचवी पाळली की नाही हे जुलै-ऑगस्टमध्ये सभा झाल्या का यावर ठरतं. शिवाय एक सहावी गोष्ट आहे, ती ठरावात कधीच नसते: हा अधिकार दुसऱ्याला देण्याची मुभा संस्थेच्या उपविधींनी समितीला दिली आहे का? त्यासाठी उपविधी उघडूनच बसावं लागतं. अधिकार कितीचा होता हे नीट उतरवलं की ४ लाख ९० हजारांचे तीन आकडे आपोआप डोळ्यांत भरतात. पाच लाखांच्या मर्यादेला जेमतेम खाली राहतील अशी कर्जं एकाच घरात एकाच दिवशी गेली, म्हणजे मर्यादेसाठी कर्जाचे तुकडे पाडले असण्याची शक्यता पहिली तपासायची. सारांशात ‘तुकडे पाडले’ असं लिहायचं नाही; तारीख, रक्कम आणि एकच पत्ता असल्याचं तेवढं लिहायचं. निष्कर्ष कर्जखाती, वखार पावत्या आणि प्रत्यक्ष साठा पाहिल्यावर लेखापरीक्षक काढील.

आठ लाखांच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. ते देताना अध्यक्षांना अधिकारच नव्हता. कार्योत्तर मंजुरीने ते कर्ज संस्थेच्या दृष्टीने नियमित झालं असं समिती म्हणेल. म्हणू द्यावं. सारांशात मात्र दोन तारखा शेजारीशेजारी याव्यात: पैसे गेल्याची आणि मंजुरी मिळाल्याची. या दोन तारखांमध्ये जितके दिवस असतील, तितके दिवस संस्थेचे ८ लाख रुपये कुणाच्याही अधिकाराविना बाहेर होते. कार्योत्तर मंजुरी नावाची सोय सहकारात इतकी रुळली आहे की ती अपवाद असते हेच आपण विसरलो आहोत. वर्षभरात किती ठराव कार्योत्तर आहेत आणि किती ‘ऐनवेळच्या विषयां’खाली आले, एवढी मोजदाद जरी सारांशात असली तरी संस्था समिती चालवते की एक माणूस, हे बरंचसं कळतं.

अधिकार हातचा सुटला की काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. नागपूर जिल्हा बँकेने २००१-०२मध्ये खासगी दलाल कंपन्यांमार्फत सरकारी रोखे घेतले, पैसे गेले आणि रोखे हाती आले नाहीत. सुमारे दीडशे कोटींचं ते प्रकरण. डिसेंबर २०२३मध्ये न्यायालयाने माजी अध्यक्षांसह सहा जणांना दोषी ठरवलं आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं. म्हणजे निकालालाच वीसहून जास्त वर्षं लागली. त्या प्रकरणात कोण कितपत दोषी हे न्यायालय ठरवील. मला त्यातून घ्यायचं आहे ते एवढंच की गुंतवणुकीचा अधिकार देणारा ठराव वाचताना ‘खरेदी कोण करणार’ याच्या जोडीला ‘रोखे आले की नाही हे कोण पाहणार’ हेही शोधावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठरावात बहुतेक मिळतं. दुसऱ्याचं मिळालं नाही, तर ‘मिळालं नाही’ असं सारांशात लिहावं.

आता विरोधाकडे येऊ. माझ्या मते या साऱ्यात सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो. ‘श्री. क यांनी काही मुद्दे उपस्थित केले’ हे वाक्य प्रोसिडिंग बुकात पुन्हा पुन्हा भेटतं. सचिव ते लिहितो कारण अध्यक्ष तिथे बसलेले असतात, आणि ‘विरोध’ हा शब्द लिहिला तर उद्या त्यालाच विचारणा होईल. पण कायदा क यांना सूट देतो ती विरोधी मत नोंदलं गेलं असेल तर. मुद्दे उपस्थित केल्याबद्दल सूट नाही. त्याच ओळीत पुढे ‘सर्वानुमते’ आहे, म्हणजे क यांचंही मत मंजुरीत धरलं गेलं. आठ लाख बुडाले तर वसुली क यांच्याकडूनही मागता येईल.

निबंधकाला कळवण्याची ७ दिवसांची वाट क यांना होती. पण ते ७ दिवस मोजले जातात ठरावाच्या तारखेपासून, म्हणजे २२ सप्टेंबरपासून. इतिवृत्त क यांच्यापुढे वाचलं गेलं २६ ऑक्टोबरला. आपला विरोध ‘मुद्दे’ म्हणून लिहिला गेल्याचं त्यांना कळलं तेव्हा मुदत उलटून जवळजवळ महिना झाला होता. आपलं म्हणणं वहीत कसं उतरलं हे दिसण्याआधीच ही मुदत संपते, आणि किती संचालकांना हे ठाऊक असतं? म्हणून विरोध करणाऱ्याने तो सभेतच लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि आठवड्याच्या आत तेच पत्र निबंधक कार्यालयात द्यावं. आणि म्हणूनच सारांश काढणाऱ्याने विरोध फक्त प्रोसिडिंगमध्ये शोधू नये. संस्थेचं आवक रजिस्टर पाहावं, संचालकांची पत्रं असलेली फाईल मागावी, जिल्हा उपनिबंधक किंवा सहायक निबंधकांकडून खुलासा मागवणारं एखादं पत्र आलं आहे का ते बघावं. बुकात ‘सर्वानुमते’ आणि फाईलमध्ये त्याच ठरावाविरुद्ध सही-शिक्क्याचं पत्र, अशी जोडी सापडली तर दोन्ही जशीच्या तशी सारांशात यावीत.

यावर ज्येष्ठ अध्यक्षांचं उत्तर मला पाठ आहे. विरोध वहीत आला की तो गावात फुटतो, ठेवीदार घाबरतो, एकाची ठेव निघाली की दहांच्या निघतात. संस्था एकोप्यावर चालते. या भीतीत तथ्य आहे. २०१२ पाहिलेल्या जिल्ह्यात ठेवीदाराच्या धास्तीला हसता येत नाही. पण प्रोसिडिंग बुक चावडीवर वाचलं जात नाही. विरोधाच्या दोन ओळी लेखापरीक्षकापर्यंत वेळेवर पोचल्या तर बिघाड आठ लाखांवर थांबू शकतो. त्या लपवल्या तर ठेवीदाराला बातमी लागते ती काउंटरवर पैसे न मिळाल्यावरच. वर्षाच्या बारा सभा आणि शेदीडशे ठराव यांत एकदाही कुणी ‘मला हे मान्य नाही’ म्हणालं नसेल, तर त्याला एकोप्याचा पुरावा न मानता लेखापरीक्षकाने आपली तपासणी वाढवावी.

मग त्या ठराव क्र. १८ची सारांशातली नोंद कशी असावी? साधारण अशी: ‘२२ सप्टेंबर, ठराव क्र. १८, पृष्ठ ६४. ऐनवेळचा विषय, सूचनेच्या अजेंड्यात नाही. चार कर्जांना कार्योत्तर मंजुरी. आधार: १४ जूनचा ठराव क्र. ७, मर्यादा ५ लाख, मुदत नमूद नाही. तीन कर्जे प्रत्येकी ४.९० लाख, एक दिवस, एक पत्ता. एक कर्ज ८ लाख, मर्यादेबाहेर. इतिवृत्तातील शब्द: “श्री. क यांनी काही मुद्दे उपस्थित केले.” मुद्दे कोणते ते नमूद नाही. विरोधी मताची स्वतंत्र नोंद नाही. क यांचे पत्र फाईलमध्ये शोधले, आढळले नाही. गैरहजर: ख. कायम: २६ ऑक्टोबर, विषय क्र. १, ख हजर, हरकत नोंदलेली नाही.’ यात मत कुठेच नाही. ठरावाचे मूळ शब्द मात्र अवतरणात आहेत, कारण ‘नोंद घेतली’, ‘चर्चा झाली’, ‘तत्त्वतः मान्यता’ आणि ‘ठरावान्वये मंजूर’ ही चार वेगळी कामं आहेत; सारांशकर्त्याने आपल्या भाषेत सांगितलं की चारहींचं ‘मंजूर केलं’ होऊन जातं.

बुकच खरं आहे का, हाही प्रश्न असतोच. नंतर चिकटवलेलं पान, दोन ठरावांच्या मध्ये दाटीने लिहिलेली ओळ, सहीच्या वर सोडलेली कोरी जागा ही ठळक लक्षणं. पण माझा अधिक भरवसा बैठक भत्त्याच्या व्हाउचरवर आहे. सभेच्या दिवशी कुणी भत्ता घेतला आणि हजेरीत कुणाच्या सह्या आहेत, या दोन याद्या जुळवाव्यात. ख यांची २२ सप्टेंबरला सही नाही पण भत्ता आहे, असं निघालं तर गैरहजेरीची वाटच बंद होते. सही आहे आणि भत्ता नाही, असं निघालं तर ती सही केव्हा झाली हे विचारावं लागतं. सभेची सूचना जावक रजिस्टरला कधी चढली, हीदेखील अशीच एक बाहेरची साक्ष आहे. जुलै-ऑगस्टच्या सभांचं याच मार्गाने उलगडतं: व्हाउचर आहेत आणि प्रोसिडिंग नाही, तर सभा झाली पण लिहिली गेली नाही.

किती मागे जायचं? नेमणूक एका वर्षाची असते, म्हणून सारांशही एका वर्षाचा काढण्याची पद्धत आहे. ती अपुरी आहे. कलम ८८खाली नुकसानीची जबाबदारी ठरवताना लेखापरीक्षण सुरू झाल्याच्या आधीच्या ५ वर्षांपर्यंतचा काळ पाहता येतो. मुदत न घातलेला अधिकाराचा ठराव तर त्याहून जुना असू शकतो आणि तरी त्याच्यावर आजची कर्जं मंजूर होत असतात. म्हणून चालू वर्षाचे सगळे महत्त्वाचे ठराव, आणि त्यांना आधार देणारा अधिकार जिथे पहिल्यांदा दिला गेला तो मूळ ठराव, मग तो कितीही मागचा असो, असा सारांशाचा पल्ला हवा. नवी समिती निवडून आल्यावर जुन्या समितीने दिलेले अधिकार तिने पुन्हा दिले की नुसतेच वापरत राहिली, हेही त्यात यावं.

पुढच्या बाजूलाही ३१ मार्चला थांबता येत नाही. सनदी लेखापालांना बंधनकारक असलेल्या लेखापरीक्षण मानक ५६० नुसार वर्ष संपल्यानंतर झालेल्या सभांची इतिवृत्तं वाचायची असतात, आणि ज्या सभांची इतिवृत्तं अजून तयार नाहीत त्यांत काय झालं ते विचारून घ्यायचं असतं. ऑगस्टमध्ये तपासणी चालू असताना मे, जून, जुलैच्या सभा होऊन गेलेल्या असतात. मार्चअखेर चांगलं दाखवलेलं सोयाबीनतारण खातं जुलैच्या सभेत मुदतवाढीला आलेलं असू शकतं. त्या सभेचं प्रोसिडिंग ‘कच्चं आहे, उतरवायचं आहे’ असं सचिव सांगेल. अशा वेळी कच्च्या कागदाची प्रत मागावी, त्यावर पाहिल्याची तारीख टाकावी आणि सारांशात लिहावं: जुलैची सभा झाली, इतिवृत्त अमुक तारखेपर्यंत लिहिलेलं नव्हतं, कच्ची प्रत सोबत. पक्कं प्रोसिडिंग हाती आलं की ते या कच्च्या प्रतीशी ओळीने ओळ ताडून पाहावं आणि कुठे शब्द बदलले असतील तर दोन्ही रूपं द्यावीत.